विज्ञान प्रदर्शनातील आमचे दालन: जमाखर्चाच्या वहीतून

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांचा इतिहास लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम छायाचित्रांची आठवण झाली. परंतु छायाचित्रांत सारीच दालने सारखी दिसतात: पांढरे कापड अंथरलेले टेबल, मागे तक्ते आणि दोन्ही बाजूंस अवघडून उभी असलेली मुले. त्या टेबलामागे काय घडले, हे कळावयाचे असेल तर प्रयोगशाळेच्या कपाटातील जमाखर्चाच्या वह्याच उघडाव्या लागतात. १९८१ मध्ये मी या शाळेत विज्ञान शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत या वह्या माझ्याच हाती होत्या. त्यांतील काही पाने माझ्या अक्षरातील असूनही मला सुखाची नाहीत. तरीही ती येथे उलगडणे मला योग्य वाटते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, मुलांसाठीचे राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन १९७१ पासून भरविण्यास सुरुवात केली. त्याचे वारे इंदूरपर्यंत पोहोचण्यास वेळ लागला नाही. आमच्या वहीतील पहिली नोंद १९७२ सालची आहे. शहरातीलच एका शाळेत भरलेल्या प्रदर्शनात आमचे दालन होते आणि त्याचा एकूण खर्च ४७ रुपये ६० पैसे. परिदर्शक, विद्युत घंटा आणि साध्या पंपाची प्रतिकृती या तिन्ही वस्तू प्रयोगशाळेतील सामानातूनच झाल्या होत्या. तक्ते चित्रकलेच्या सरांनी हाताने रंगविले. सामान हातगाडीवरून गेले, त्याचे ४ रुपये. छपाईचा रकाना कोरा आहे आणि बक्षिसांचाही. त्या वहीत मुळात रकाने चारच आखलेले होते: सामान, छपाई, वाहतूक, बक्षिसे. कोणा दूरदृष्टीच्या माणसाने ते आखले असावेत. पुढील सतरा वर्षे आम्ही मात्र पहिल्याच रकान्याकडे लक्ष देत राहिलो. अंदाजपत्रक म्हणजे प्रतिकृतीस लागणाऱ्या वस्तूंची यादी, असाच आमचा समज होता.

तो समज मोडला १९८९ च्या डिसेंबरात, भोपाळमध्ये.

त्या वर्षी आमचा विषय होता ‘विहीर आणि नलकूप’. माळव्यात त्या काळी नलकूपांची संख्या वाढत होती आणि जुन्या विहिरी आटत चालल्याची तक्रार आमच्या मुलांच्या घरांतूनच येत होती. नववीतील मुलांनी एक काचेची टाकी घेऊन तिच्यात वाळू भरली, मध्ये मातीचा एक थर दिला आणि निळ्या शाईचे पाणी मुरविले. वाळूत दोन काचनळ्या उभ्या केल्या: एक उथळ, म्हणजे विहीर आणि दुसरी खोल, म्हणजे नलकूप. खोल नळीला सलाइनची नळी जोडून पाणी ओढू लागले की त्या नळीभोवती पाण्याची पातळी एखाद्या उलट्या शंकूसारखी खाली उतरे आणि पाहता पाहता शेजारची विहीर कोरडी पडे. काचेतून निळी रेषा वाकताना दिसे. मी पाहिलेल्या शालेय प्रतिकृतींत याहून बोलकी प्रतिकृती क्वचितच असेल. (एका परीक्षकांनी मात्र नेमके बोट ठेवले होते की, माळव्याची जमीन काळ्या पाषाणाची असून तेथे पाणी भेगांतून वाहते. वाळूची टाकी नदीकाठच्या मैदानाला लागू पडते, आम्हाला नाही. ते खरेच होते आणि पुढच्या तक्त्यावर आम्ही तशी ओळ घातली.)

शाळेने या दालनासाठी ६०० रुपये मंजूर केले होते. माझे अंदाजपत्रक असे होते: सामान ३४०, छपाई ६०, वाहतूक १२०, किरकोळ ३० आणि उरलेले ५० रुपये शाळेतील प्रदर्शनाच्या बक्षिसांसाठी. मुलांचे व माझे प्रवासभाडे शाळा वेगळे देणार होती. कागदावर सारे नीटनेटके होते.

सामानाचा अंदाज चुकला नाही, उलट ३१८ रुपयांतच भागले. सियागंजात अँगलच्या चौकटीची टाकी १४५ रुपयांना मिळाली. वाळू तर फुकटच, शाळेच्या नव्या खोल्यांचे बांधकाम चालू होते. आम्ही चार दिवस मोठ्या समाधानात होतो. ही फुकटची वाळूच आम्हाला सर्वांत महाग पडेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही.

आधी छपाईचे सांगते. प्रेक्षकांना वाटण्यासाठी तीनशे पत्रके मराठीत छापावयाची होती. इंदुरात मराठी छापणारे छापखाने होते, पण लग्नसराई असल्यामुळे ते पत्रिकांत बुडालेले. म्हणून खजुरी बाजाराजवळच्या एका हिंदी छापखान्यात गेले. त्या काळी जुळणी खिळ्यांची असे आणि त्यांच्या पेटीत ‘ळ’चे खिळे जेमतेम सात-आठ. आमचा विषयच ‘पाण्याची पातळी’ असल्याने एका पानात वीस तरी ‘ळ’ लागत. शेवटी मीच मजकूर बदलून ‘नळी’ची ‘नलिका’ आणि ‘उथळ विहिरी’ची ‘कमी खोलीची विहीर’ केली. पत्रक थोडे पाठ्यपुस्तकी झाले, पण छापून झाले. त्यानंतर आयोजकांचे पत्र आले: परीक्षक व प्रेक्षक यांच्यासाठी माहिती हिंदीतही असावी. मागणी वाजवी होती. भोपाळच्या मुलांनी आमचे मराठी पत्रक घेऊन काय करावे?

पण खिळ्यांच्या छपाईचा हिशेब असा होता की, मुख्य खर्च जुळणीचा असे. एकदा पान जुळले की शंभर प्रती काढा वा पाचशे, फरक पडे तो कागदाचा आणि यंत्रावरील थोड्या मजुरीचा. म्हणून प्रती कमी केल्याने पैसे फारसे वाचत नसत आणि भाषा एकाची दोन झाली की खर्च जवळजवळ दुप्पट होई. मराठी पत्रकाचे ६०, हिंदीचे ६२ आणि आकृतीच्या ब्लॉकचे २०, असे १४२ रुपये झाले. दोन्ही भाषा एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापल्या असत्या तर निदान कागद तरी एकदाच लागला असता. परंतु हिंदीची गरज कळली तेव्हा मराठी पत्रके गठ्ठे बांधून घरी आली होती. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला छपाईचा अंदाज नेहमी दोन भाषांचा धरावा लागतो. ही गोष्ट माझ्या अंदाजपत्रकात असावयास हवी होती, कारण मी काही कालपरवा या शहरात आलेली नव्हते.

आता वाहतूक. मी धरलेले १२० रुपये असे होते: शाळेपासून सरवटे बसस्थानकापर्यंत टेम्पो ४०, बसच्या टपावरील सामानाचे ४० आणि भोपाळच्या स्थानकापासून प्रदर्शनाच्या जागेपर्यंत ४०. हिशेबतपासनीस असलेल्या एका पालकांनी नंतर हे पान पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “बाई, टाकी भोपाळलाच राहणार होती का?” परतीचे भाडे मी धरलेच नव्हते.

परंतु खरी चूक त्याहून मोठी होती. टाकी दोन फूट लांब व एक फूट रुंद, तिच्यात आठ इंच वाळू. एक घनफूट कोरडी वाळू सुमारे ४५ किलो भरते. त्या हिशेबाने टाकीत साठ किलो वाळू होती, ओलाव्याचे वजन वेगळेच. मातीचा थर सपाट बसविण्यास मुलांनी तीन दिवस घालविले होते, म्हणून ती रिकामी करण्यास कोणाचे मन होईना. पाणी तेवढे काढून टाकी वाळूसकट उचलली. अँगलची चौकट जमिनीवर ठेवलेली असताना भक्कम असते. पण दोघांनी समोरासमोरचे दोन कोपरे धरून ती उचलली की भरलेल्या वजनाने किंचित पिळवटते. काच पिळवटत नाही. मग काच आणि लोखंड यांच्यामधील लांबी सुटते. हे डोळ्यांना दिसत नाही, कारण वाळू आतून टेकू देत राहते. इंदूरला टेम्पोत चढविताना, बसवर चढविताना, उतरविताना, पुन्हा टेम्पोत, असे चार वेळा हे घडले.

भोपाळला टेबलावर टाकी ठेवून पाणी सोडले आणि सारे ठीक वाटले. अर्ध्या तासाने टेबलावरच्या पांढऱ्या कापडाच्या एका कोपऱ्यावर फिकट निळा डाग उमटला. शाईमुळेच तो दिसला, नाहीतर आणखी तासभर कळले नसते. डाग वाढत गेला, आम्ही पाणी काढू लागलो, आणि घाईत बाजूची काच कोपऱ्यातून तडकली. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होते. नववीतील दोन मुले वाळू उपसत होती आणि मी रिक्षात बसून काच व लांबी शोधत भोपाळ हिंडत होते. काच मिळाली, रात्री बसविली. पण ताजी लांबी वाळण्यास काही दिवस लागतात, एका रात्रीत ती पाणी धरीत नाही. पहिला पूर्ण दिवस आमचे दालन कोरड्या टाकीने चालले. मुलांनी पाण्याची रेषा खडूने काचेवर काढून समजावून सांगितली. परीक्षक पहिल्याच दिवशी येऊन गेले.

खर्चाचे पान असे मिटले: सामान ३१८, छपाई १४२, वाहतूक ३०५, किरकोळ ६५. वाहतुकीत जाण्याचे १४५ (वजन पाहून हमालांनी २५ जास्त घेतले आणि त्यांचे चुकले नव्हते), परतीचे १२५ आणि भोपाळातील रिक्षाचे ३५. वाळू तेथेच टाकून दिल्यामुळे परतताना भार हलका होता. किरकोळीतील ६५ पैकी ४५ नव्या काचेचे व लांबीचे. एकूण ८३०.

मंजूर रक्कम ६००. तीत बक्षिसांचे ५० होतेच. ते मी वापरले. वरचे २३० रुपये माझ्याकडून उसने म्हणून लिहिले आणि शाळेने ते मार्चअखेर दिलेही. पण बक्षिसांच्या रकान्यात त्या वर्षी ‘शून्य’ आहे. शाळेतील प्रदर्शनात लहान गटात पहिली आलेली सातवीतील एक मुलगी होती. लिंबाच्या रसावर घड्याळ चालविण्याचा तिचा प्रयोग होता. तिला प्रमाणपत्र मिळाले, पुस्तक मिळाले नाही. जानेवारीत तिने प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून विचारले, “बाई, माझं पुस्तक कधी येणार?” मी म्हटले, “पुढच्या महिन्यात.” पुढच्या महिन्यात तिने विचारले नाही. त्यानंतरही कधी नाही.

जिंकलेल्या मुलीचे पैसे हरलेल्या टाकीत गेले, असे मी त्या वेळी स्वतःशी म्हटले होते. ते पूर्ण खरे नाही. टाकी हरली नव्हती, अंदाजपत्रक हरले होते.

१९९० पासून आम्ही हिशेब उलटा मांडू लागलो. आधी प्रदर्शनाची जागा, अंतर आणि दरवाजांची रुंदी विचारावयाची. मग सामान किती वेळा उचलले जाणार ते मोजावयाचे, जाताना आणि येताना. त्यावरून प्रतिकृतीचे आकारमान व वजन ठरवावयाचे आणि सामानाची यादी सर्वांत शेवटी. दोन माणसांना जिन्यावरून नेता येणार नाही असे काही करावयाचेच नाही, हा नियम मुलांना प्रथम जाचक वाटला. मग त्यांनीच टाकी एक फूट लांबीची केली आणि वाळू पाच-पाच किलोच्या पिशव्यांत भरली. पिशव्यांवर थरांप्रमाणे क्रमांक घातले. जागेवर थर लावण्यास दीड तास लागे, तेवढा वेळ आधी पोहोचावयाचे. एक जादा काच मापाने कापून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात बरोबर न्यावयाची, तिचे १५ रुपये अंदाजपत्रकातच धरलेले. या नव्या पद्धतीत सामानाचा वाटा एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी आला. कोषाध्यक्षांना ते पटविण्यास मला दोन सभा लागल्या. “मुलांच्या वस्तूपेक्षा टेम्पोवाल्याला जास्त?” हा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांच्यापुढे १९८९ चे पान ठेवले.

बक्षिसांची कथा थोडी मागे जाऊन सांगावी लागते. १९७४ मध्ये एका पालकांनी विज्ञान बक्षिसांसाठी एक हजार रुपयांची कायम ठेव शाळेच्या स्वाधीन केली होती. दहा टक्के व्याजाने वर्षाला शंभर रुपये येत. त्यांत पहिले बक्षीस ४०, दुसरे २५, तिसरे १५ आणि उत्तेजनार्थ दोन दहा-दहा रुपयांची, असा पक्का हिशेब बसे आणि चाळीस रुपयांत तेव्हा दोन-तीन उत्तम पुस्तके येत. १९८९ मध्ये हे व्याज होते कुठे? ते शाळेच्या सर्वसाधारण खात्यात जमा होत असे आणि विज्ञान प्रदर्शनाला म्हणून जी एकत्र रक्कम मिळे, तीत ते विरघळून जाई. म्हणजे त्या सातवीतल्या मुलीचे पुस्तक खरोखर कोणा दात्याने पंधरा वर्षांपूर्वीच घेऊन ठेवले होते आणि आम्ही ते टेम्पोत घातले. हे मला १९९१ मध्ये जुनी कागदपत्रे पाहताना कळले. त्या वर्षापासून बक्षिसांचे खाते वेगळे झाले. दालनाचा कितीही तोटा झाला तरी त्याला हात लावावयाचा नाही, असा ठराव झाला.

तरी ठेवीची ताकद घटतच होती. मुद्दल तेच आणि महागाई दरवर्षी वर चढणारी. २००४ मध्ये व्याजाचा दर साडेपाच टक्क्यांवर आला, तेव्हा त्या हजार रुपयांचे वर्षाला ५५ रुपये येऊ लागले. त्यांत एक चांगली वही आणि पेन. व्याजातील काही भाग दरवर्षी मुद्दलात परत मिळविला असता तर हे इतके झाले नसते. पण दरवर्षी व्याज पूर्ण खर्च करणे हीच दात्याची इच्छा, असा आपण अर्थ लावला होता. अखेर माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या छोट्या ठेवी त्या जुन्या ठेवीत मिळविल्या आणि व्याजाचा चौथा हिस्सा मुद्दलात जाऊ लागला. पहिल्या दात्यांचे नाव मात्र बक्षिसाला आजही आहे.

नंतरच्या काळाविषयी फार लिहीत नाही, तो बहुतेकांच्या आठवणीतला आहे. हाताने रंगविलेल्या तक्त्यांची जागा फ्लेक्सने घेतली आणि छपाई चौरस फुटावर आली. सहा फूट बाय तीन फूट म्हणजे अठरा चौरस फूट, गुणिले दर, संपले. खिळ्यांच्या जुळणीचा खर्च गेला, पण ‘ळ’ने येथेही पिच्छा सोडला नाही. आमच्या संगणकावर मजकूर एका मराठी फाँटात केलेला असे आणि जेल रोडजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे, मध्य प्रदेशात सर्वत्र असतो तसा, ‘कृतिदेव’. फाइल उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी. एकदा तो फ्लेक्स तसाच छापला गेला आणि पुन्हा छापावा लागला. दोन्ही वेळचे पैसे वहीत आहेत. तेव्हापासून मजकूर पीडीएफ करून द्यावयाचा आणि नमुना कागदावर काढून एका विद्यार्थ्याने व एका शिक्षकाने सही केल्यावाचून यंत्र सुरू होऊ द्यावयाचे नाही, असा प्रघात पडला. विद्यार्थ्याची सही आधी असते, कारण मुलांना चुका लवकर दिसतात.

केंद्र शासनाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ योजना सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या विद्यार्थ्याला पाच हजार रुपये मिळू लागले. त्यातील निदान निम्मी रक्कम प्रतिकृतीवर आणि उरलेली ती जिल्हा प्रदर्शनात नेऊन मांडण्यासाठी, अशी अपेक्षा होती. ते परिपत्रक वाचून मला हसू आले. दोन सभा घेऊन मी कोषाध्यक्षांना जे पटविले होते, ते दिल्लीहून एका ओळीत आले होते. पुढे ही रक्कम दहा हजार झाली आणि थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागली. शाळेची वही त्यामुळे सुटली, असे मात्र नाही. शाळेतील प्रदर्शनात मांडणाऱ्या पन्नास-साठ मुलांपैकी निवड होते दोघा-तिघांची. बाकीच्यांचा हिशेब अजून त्या चार रकान्यांतच बसवावा लागतो.

या लेखासाठी वह्या चाळताना १९८९ च्या पानाच्या तळाशी माझ्याच अक्षरातील एक ओळ सापडली, ‘पहिले बक्षीस, लहान गट: देणे बाकी’. ती मुलगी आता कोठे असते, ते मला ठाऊक नाही. लग्नानंतर ती महाराष्ट्रात गेली, एवढेच कोणी सांगितले. ही स्मरणिका तिच्या हाती पडली तर तिने शाळेत येऊन जावे. पुस्तक मी कार्यालयात देऊन ठेवले आहे. त्याच्या पहिल्या पानावर १९८९ असे साल घातले आहे आणि त्याची पावती बक्षीस खात्याला न लावता मी माझ्या खर्चाने फाडली आहे.